कट-ऑफ कुठे ठेवायचा?

प्रश्न: रावेर-यावलकडून केळीच्या वादळी नुकसानीचे रोज 6000 फोटो येतात. नुकसान खरंच वादळाचं आहे का, यावर संगणकाचं मॉडेल प्रत्येक फोटोला 0 ते 1 गुण देतं, तपासणारे तिघंच. संशयास्पद कोणते धरू?

उत्तर: आधी माणसं मोजा, कट-ऑफ मग. एक जण नीट बघून दिवसाला 200 फोटो तपासत असेल, तर तिघांचे 600. पास-नापासच्या रेषेला सर्वांत जवळचे 540 त्यांना द्या. उरलेले 60 मॉडेलने बिनधास्त निकाली काढलेल्यांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचला, आणि गुण लपवा. गुण दिसला की तपासणारा नुसती मान डोलावतो. आमचा घोळ याच 60 मध्ये सापडला: उन्हाने करपलेली पानं 0.95 गुणांनी 'वादळ' ठरत होती. रेषेजवळ ती कधी आलीच नसती.