एकाच पुरवठादाराकडून खरेदी: टिपणीत नेमकं काय लिहायचं?

प्रश्न: आमच्या संस्थेला एक खास उपकरण घ्यायचं आहे आणि ते एकच कंपनी देते. स्पर्धात्मक दरपत्रकं का मागवली नाहीत, याची टिपणी कशी लिहू?

केंद्राच्या निधीवर चालणाऱ्या संस्थेत केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांचा, म्हणजे जीएफआर २०१७ चा, नियम १६६ लागू होतो, असं धरून सांगतो. राज्याच्या संस्थेत असाल तर राज्याची खरेदी नियमपुस्तिका आधी पाहा.

नियम १६६ मध्ये एकल निविदेला तीनच वाटा आहेत: तो माल बनवणारी तेवढी एकच कंपनी असणं, तातडीची निकड, किंवा आधीच्या यंत्राशी जुळणारा भाग लागणं. कोणत्या वाटेने जाताय ते पहिल्याच परिच्छेदात लिहा. तिसरी वाट घेतलीत तर सक्षम तांत्रिक तज्ज्ञाचा सल्ला आणि सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते. ३१ मार्चला निधी परत जाईल ही निकड म्हणून दाखवू नका.

समजा, प्रयोगशाळेत ५०० मेगाहर्ट्झचं एनएमआर यंत्र आहे आणि त्याला क्रायोप्रोब हवा आहे. ‘दर्जा उत्तम, सेवा चांगली’ असं लिहिलंत तर लेखापरीक्षक विचारणारच, की इतरांचा दर्जा तुम्ही तपासलात का? म्हणून सुरुवात गरजेपासून करा. नमुने फार विरळ आहेत आणि साध्या प्रोबवर एका नमुन्याला सोळा तास लागतात. हेलियमने थंड केलेल्या प्रोबवर संवेदनशीलता साधारण चौपट होते. मापनाचा वेळ तिच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने तेच काम तासाभरात होतं. त्यानंतर जुळणीचं बोला: प्रोब चुंबकाच्या पोकळीत बसायला हवा, त्याचं शीतकरण युनिट आपल्या कन्सोलशी आणि सॉफ्टवेअरशी बोलायला हवं. इतर उत्पादकांना ईमेलने विचारा, ‘आमच्या या मॉडेलला बसेल असा प्रोब देता का?’ त्यांची उत्तरं टिपणीला जोडा. माझ्या मते सगळ्या फाइलमध्ये सर्वांत वजनदार कागद हाच.

एक गफलत फार दिसते. ‘आम्ही भारतातले एकमेव अधिकृत वितरक’ हे पत्र जोडून लोक निर्धास्त होतात. त्यातून वितरक एकच आहे एवढंच कळतं. तसं दुसरं यंत्र कुणी बनवत नाही, हे कळत नाही. उलट उत्पादक एकच आणि विक्रेते अनेक असतील, तर त्या विक्रेत्यांकडून दर मागवायलाच हवेत.

स्पर्धा नाही म्हटल्यावर दर वाजवी कसा, हे तुम्हालाच दाखवावं लागतं. याच मॉडेलची अलीकडची खरेदी केलेल्या दोन-तीन संस्थांकडून खरेदी आदेशाच्या प्रती मिळवा आणि फरक असेल तर कारण लिहा: विनिमय दर, वाढीव हमी, जोडसामान. कंपनीशी वाटाघाटी झाल्या असतील तर त्याचं इतिवृत्तही लावा.

शेवटी तारखा तपासा. टिपणी, वित्त विभागाची सहमती, मंजुरी आणि मग खरेदी आदेश, हाच क्रम कागदावर दिसला पाहिजे.