अर्धवेळ काम आणि तुटीचे गणित

प्रश्न : माझे वय ४६ आहे. बुटीबोरीच्या एका कारखान्यात २१ वर्षांपासून देखभाल विभागात इंजिनीअर आहे. हातात १,०५,००० रुपये पगार येतो आणि पीएफमध्ये दोन्ही हिस्से मिळून महिन्याला २०,००० रुपये जमा होतात. मनीषनगरचे घर कर्जमुक्त आहे. घरखर्च ४६,००० आहे, पत्नी गृहिणी आहे, मुलगी दहावीत आहे. पीएफ, पीपीएफ, म्युच्युअल फंड आणि मुदत ठेवी मिळून १ कोटी १० लाख जमले आहेत. हिंगणा मार्गावरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने आठवड्यातून तीन दिवस तासिका तत्त्वावर शिकवायला बोलावले आहे, त्याचे महिन्याला ३६,००० पडतील. म्हणजे तूट १०,००० चीच राहते. वर्षाच्या तुटीच्या पंचवीसपट पुंजी धरली, तरी ३० लाख पुरतात. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठीक. नव्या सत्रापासून नोकरी सोडू का?

उत्तर : नव्या सत्रापासून सोडू नका. तीन वर्षांनी सोडता येईल, आणि मिळकत थोडी वाढवता आली तर दोन वर्षांनीही. तुमची दिशा चुकलेली नाही, परंतु ३० लाखांचा आकडा चुकला आहे आणि तो तीन ठिकाणी चुकला आहे.

पहिली चूक महिन्यांची आहे. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात. उन्हाळी सुट्टी, परीक्षांचा काळ आणि सत्र सुरू होण्यातला विलंब यांत तास होत नाहीत, म्हणून वर्षाचे दहाच महिने धरणे शहाणपणाचे आहे. ३६,००० गुणिले दहा म्हणजे ३ लाख ६० हजार, अर्थात बारा महिन्यांवर पसरले तर महिन्याला ३०,०००. (मिळकत शून्य असण्याचे महिने आणि नागपुरात कूलरमुळे विजेचे बिल फुगण्याचे महिने नेमके एकच आहेत, हे तुम्हाला सांगायला नको.)

दुसरी चूक खर्चाची आहे. तुमच्या ४६,००० मध्ये आरोग्य विम्याचा हप्ता दिसत नाही, कारण आज तो कारखाना भरतो. पूर्ण पुंजी जमण्याआधीच नोकरी सोडून थोडा खर्च अर्धवेळ कामातून आणि उरलेला पुंजीतून भागवण्याचा हा विचार परदेशातून ‘बरिस्ता फायर’ या नावाने आपल्याकडे आला. तिकडे कॉफीच्या दुकानात अर्धवेळ काम धरण्यामागे पगाराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, आकर्षण कंपनीकडून मिळणाऱ्या आरोग्य विम्याचे होते. आपल्याकडे तासिका तत्त्वावरच्या कामात ते मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. तिघांच्या विम्यासाठी वर्षाला ४८,००० बाजूला धरले, तर खर्च महिन्याला ५०,००० होतो आणि तूट १०,००० ऐवजी २०,००० होते, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार.

तिसरी चूक सर्वांत मोठी आहे. तुटीला पंचवीसने गुणताना आपण नकळत असे गृहीत धरतो की, हे काम वयाच्या नव्वदीपर्यंत चालणार आहे. तसे होणार नाही. साठीच्या आसपास ते थांबेल आणि त्यानंतर तूट २०,००० ची नसून पूर्ण ५०,००० ची असेल. म्हणून एका पुंजीचा हिशेब न करता दोन वेगळ्या पुंज्यांचा करावा लागतो. पहिली पुंजी आजपासून साठीपर्यंतची तूट भरून काढण्यासाठी आणि दुसरी साठीनंतरचा सगळा खर्च चालवण्यासाठी.

सोयीसाठी सगळे आकडे आजच्या रुपयांत मांडतो आणि पुंजीवरचा परतावा महागाईपेक्षा तीन टक्के अधिक मिळेल असे धरतो. महागाई सहा टक्के असेल तर परतावा नऊ टक्के, असा त्याचा अर्थ. साठी ते नव्वदी या तीस वर्षांसाठी वार्षिक खर्चाच्या, म्हणजे ६ लाखांच्या, पंचवीसपट धरले तर साठाव्या वर्षी दीड कोटी हवेत. प्रत्यक्ष नोटांमध्ये त्या वेळी ही रक्कम सुमारे ३ कोटी ४० लाख असेल, परंतु आजच्या किमतीत ती दीड कोटीच आहे. ती साठाव्या वर्षी उभी राहावी यासाठी आज सुमारे ९९ लाख वेगळे ठेवून चौदा वर्षे त्यांना हात न लावता वाढू द्यावे लागतील. वर्षाला २ लाख ४० हजारांची तूट चौदा वर्षे भरून काढायला आज सुमारे २८ लाख लागतात. दोन्ही मिळून १ कोटी २७ लाख.

आता तुमच्या १ कोटी १० लाखांतून मुलीच्या शिक्षणाचे निदान १५ लाख आधी बाजूला काढा, कारण तो खर्च पाच-सहा वर्षांच्या आत यायचा आहे आणि तो महिन्याच्या घरखर्चात धरलेला नाही. उरतात ९५ लाख. म्हणजे तुमच्या हिशेबात जिथे तिप्पट पैसे होते, तिथे प्रत्यक्षात ३२ लाख कमी आहेत.

अर्धवेळ कामाने किती फरक पडतो, हेही याच हिशेबातून दिसते. काहीच न कमावता आज थांबायचे असते तर पहिली पुंजी सुमारे ७० लाखांची आणि एकूण गरज १ कोटी ६९ लाखांची झाली असती. महिन्याला सरासरी ३०,००० देणारे काम ही गरज ४२ लाखांनी कमी करते, आणि ही बचत लहान नाही. परंतु ती सगळी पहिल्या पुंजीतली आहे. दुसऱ्या पुंजीतला एक रुपयाही अर्धवेळ कामाने कमी होत नाही. उद्या महाविद्यालयाने तुमचा संपूर्ण खर्च भागेल इतके मानधन दिले, तरीसुद्धा दुसऱ्या पुंजीला लागणारे ९९ लाख आज तुमच्याकडे नाहीत. अशा वेळी पूर्णवेळ नोकरीची उरलेली वर्षे दुसरी पुंजी पुरी करण्यासाठी वापरायची, आणि ती झाली की पहिलीचा भार अर्धवेळ कामावर टाकायचा, हाच क्रम योग्य ठरतो.

तुमच्याबाबतीत हा काळ फार मोठा नाही. विम्याचा हप्ता भरूनही पगारातून महिन्याला ५५,००० उरतात, त्यात पीएफचे २०,००० मिळवले तर वर्षाला ९ लाख होतात. तीन वर्षांत ९५ लाख आणि ही भर मिळून, आजच्या किमतीत, सुमारे १ कोटी ३१ लाख होतील. त्या वेळी तुम्ही ४९ वर्षांचे असाल, साठीला अकराच वर्षे उरलेली असतील आणि गरजही जवळपास तेवढीच, १ कोटी ३१ लाख, भरेल. हे अगदी काठावरचे आहे हे मी मान्य करतो. मुलीचा आज घरखर्चात असलेला वाटा पुढे कमी होईल, तो मी मुद्दामच सोडून दिला आहे. औषधपाण्याचा वाढता खर्च त्यातून निघावा.

दोन वर्षांनीच निघायचे असेल तर अर्धवेळ कामातून महिन्याला सरासरी ३०,००० ऐवजी सुमारे ३९,००० यायला हवेत. एकाच महाविद्यालयाच्या तासांतून ते येणे कठीण आहे. परंतु हिंगणा एमआयडीसीतल्या ज्या लहान कारखान्यांना पूर्णवेळ देखभाल अभियंता परवडत नाही, अशा दोन ठिकाणी महिन्यातून दोन-दोन दिवस यंत्रांची तपासणी करून देण्याचे काम तुमच्या अनुभवाच्या माणसाला मिळू शकते, आणि मला विचाराल तर ते तासांपेक्षा अधिक भरवशाचे आहे.

भरवशाचा मुद्दा एवढ्यासाठी की, तासिका तत्त्वावरची नेमणूक दर सत्राला नव्याने होते आणि मानधन महागाईबरोबर वाढेलच असे नाही. वरच्या हिशेबात ते वाढते असे मी धरले आहे. ते जिथल्या तिथे राहिले आणि महागाई सहा टक्के असली, तर बारा वर्षांत त्याची किंमत निम्म्यावर येते, आणि मघाशी ज्या कामाने ४२ लाखांची गरज कमी केली होती, ते ३० लाखांचीच कमी करते. ही झीज दरवर्षी थोडी थोडी होत असल्याने लक्षात येत नाही. म्हणून नोकरी सोडल्यावर दर एप्रिलमध्ये एकच गोष्ट तपासा : सरलेल्या वर्षात पुंजीतून काढलेली रक्कम एकूण पुंजीच्या किती टक्के होती? तुमच्या आराखड्यात ती दोन टक्क्यांच्या आत असायला हवी. अडीच टक्क्यांच्या पुढे गेली, तर त्याचा अर्थ कामातल्या मिळकतीचा साधारण चौथा हिस्सा आटला आहे, किंवा खर्च तेवढाच वाढला आहे, किंवा बाजाराने पुंजी खाली आणली आहे. असे सलग दोन वर्षे झाले तर पन्नाशीच्या सुरुवातीलाच काम वाढवा. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते जमणार नाही. बाजार पडलेला असताना नेमके तासही बंद झाले, तर म्युच्युअल फंड पडत्या भावात विकावे लागू नयेत, यासाठी पूर्ण वर्षाचा खर्च, म्हणजे ६ लाख, मुदत ठेवीत कायम ठेवा. ही रक्कम वरच्या पुंजीतलीच आहे, वेगळी नाही.

विम्याची गोष्ट मात्र तीन वर्षे थांबू शकत नाही. कारखान्याचा समूह विमा नोकरीबरोबर संपतो, आणि नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी असतो. २०२४ पासूनच्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. रक्तदाबाची गोळी अर्जात स्पष्ट नमूद करून याच महिन्यात पॉलिसी घेतली, तर तुम्ही नोकरी सोडाल तोवर ही प्रतीक्षा पूर्ण झालेली असेल. राजीनाम्यानंतर घेतली तर नेमक्या त्याच तीन वर्षांत रक्तदाबाशी संबंधित दुखण्याचा खर्च पुंजीतून द्यावा लागेल. गोळी लपवू मात्र नका. दावा नाकारला जाण्याचे ते नेहमीचे कारण आहे.

कराचा फारसा त्रास नाही. नव्या करप्रणालीत एवढ्या मिळकतीवर कर बसत नाही; महाविद्यालयाने मानधनातून टीडीएस कापला तर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो.

पीएफविषयी दोन गोष्टी. नोकरी सोडल्याबरोबर तो काढून घेण्याचा मोह होतो, परंतु वयाच्या ५८ पर्यंत खात्यावर व्याज मिळत राहते, फक्त नोकरी सुटल्यानंतरचे व्याज करपात्र होते. ही रक्कम दुसऱ्या पुंजीचा कणा समजून तशीच राहू द्या. पेन्शन योजनेत दहा वर्षांहून अधिक सेवा झाल्याने ५८ व्या वर्षी तुम्हाला महिन्याला चार-साडेचार हजारांच्या आसपास निवृत्तिवेतन मिळेल. ते महागाईबरोबर वाढत नाही, म्हणून मी ते हिशेबात धरलेले नाही, पण सोडण्याच्या वेळी पेन्शनसाठीच्या सेवेची नोंद दाखवणारे योजना प्रमाणपत्र मागून घ्यायला विसरू नका.

महाविद्यालयाला आता नकार देण्याऐवजी, कारखान्याची लेखी परवानगी मिळत असेल तर, शनिवारी एका विषयाचे तास घेण्याची तयारी दाखवा. वर्षभरात किती तास खरोखर झाले आणि त्यांचे पैसे किती महिन्यांनी हातात आले, हे वहीत लिहून ठेवा. ते सरासरी ३०,००० च्या हिशेबापेक्षा कमी भरत असेल, तर वरचा सगळा आराखडा त्या नव्या आकड्याने पुन्हा मांडावा लागेल.