एकाच नखावरची काळी उभी रेघ

प्रश्न: माझ्या अंगठ्याच्या नखावर मुळापासून टोकापर्यंत एक काळी रेघ दिसते आहे, दुखत नाही, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी का?

रेघ रक्ताची आहे की रंगद्रव्याची, हे आधी ठरवावे. मार लागून साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते; हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढत असल्याने, आज काढलेल्या छायाचित्राशी महिन्याने तुलना केली, तर डागामागे मुळाशी स्वच्छ नख आलेले दिसते. (मार आठवत नसेल, तरी घट्ट बूट हे पायाच्या नखाबाबत पुरेसे कारण असते.)

रेघ मुळाला चिकटूनच राहिली, तर नख जिथे तयार होते तिथल्या पेशी मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य सोडत आहेत. सावळ्या त्वचेच्या लोकांत अशा रेघा सर्रास आढळतात, पण बहुधा अनेक नखांवर. एकट्या नखावरची रेघ तीळ किंवा जुन्या घर्षणामुळेही असू शकते, तरीही प्रौढ वयात नव्याने उमटलेली अशी रेघ एकदा तज्ज्ञांना दाखवावीच.

रेघ 3 मिलिमीटरहून रुंद असेल, मुळाशी टोकापेक्षा अधिक रुंद असेल, तिच्यात असमान छटा असतील, नख चिरत असेल किंवा काळेपणा नखालगतच्या त्वचेवर पसरला असेल, तर महिनाभर थांबू नये. ही नखाखालच्या मेलॅनोमाची, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाची, लक्षणे असू शकतात. तो अंगठ्यावर अधिक आढळतो आणि सुरुवातीला दुखत नाही, म्हणून वेदना नसणे हा माझ्या मते दिलासा नव्हे. डर्मोस्कोप या त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने पाहूनही शंका उरल्यास मुळाजवळचा तुकडा तपासणीस घेतात.