दोन बाजार उलटले तरी खोकला

प्रश्न: मी आशा सेविका आहे. बचत गटाच्या बैठकीत टीबीवर दहा-पंधरा मिनिटं बोलायचं आहे. मागच्या वेळी लक्षणं वाचून दाखवली, बायकांनी माना डोलावल्या, पण तपासायला एकही आली नाही. नक्की काय बोलू?

उत्तर:

लक्षणांचा तक्ता घरीच ठेवा. तालुक्याच्या क्षयरोग पथकात लागलो तेव्हा सुरुवातीला मीही तेच करायचो. भिंतीवर तक्ता टांगायचा, काठीने एकेक चित्र दाखवायचं आणि शेवटी विचारायचं, "असा खोकला कोणाला आहे? हात वर करा." चाळीस जणींसमोर कोण हात वर करणार? त्यातून सासू मागच्या रांगेत बसलेली.

नंतर मी एका बाईची गोष्ट सांगायला लागलो. नाव-गाव कधीच सांगत नाही, तुम्हीही सांगू नका.

ही बाई शिवणकाम करायची. गणपतीत खोकला लागला. हवा बदलली की लागतोच, म्हणून औषधाच्या दुकानातून बाटली आणली. पितृपक्ष आला तरी खोकला होता, म्हणून एका डॉक्टरांकडे गेली. त्यांनी अँटिबायोटिक दिलं आणि आठ-दहा दिवस बरं वाटलं. इथे जरा थांबून सांगा, कारण बरेच जण इथेच फसतात. खोकल्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही अँटिबायोटिकांनी क्षयाचे जंतूही थोडे दबतात. माणसाला वाटतं गुण आला, पण आजार आत तसाच असतो. दसऱ्याला खोकला परत सुरू झाला. संध्याकाळ झाली की कणकण, रात्री घामाने उशीचा अभ्रा ओला, सकाळी पुन्हा मशीनवर. ब्लाउज सैल व्हायला लागले तशी तिने दोनदा शिलाई आत घेतली. वजन उतरतंय हे तिच्या हातांना कळलं होतं, डोक्यात मात्र आलं नाही. आणि रक्त? एकदाही पडलं नाही. रक्त पडलं तरच टीबी, असं समजून लोक वाट बघत बसतात. पुष्कळांना ते कधीच पडत नाही.

दिवाळीनंतर बेडका तपासला आणि त्यात जंतू सापडले. म्हणजे साधारण दहा आठवडे गेले.

"दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला" हे वाक्य कोणाच्या लक्षात राहत नाही. मी म्हणतो, "खोकला लागल्यापासून दोन बाजार उलटले का?" आठवडी बाजार सगळ्यांना आठवतो. दोन बाजार उलटूनही खोकला असेल तर बेडका तपासायचाच, मग ताप असो-नसो, वजन घटो न घटो.

आता गोष्टीचा दुसरा भाग. तपासणीचा कागद घरी आला त्याच दिवशी सासूने तिचं ताट-पेला वेगळा काढला. आठवड्याभरात तिला माहेरी धाडायचं ठरलं. मी घरी गेलो तेव्हा सासूबाईंना एवढंच विचारलं, "गणपतीपासून दिवाळीपर्यंत ही कुठे झोपत होती?" त्याच खोलीत, खिडकी लावून, सगळ्यांबरोबर. घराला खरा धोका त्या दहा आठवड्यांत होता, आणि तेव्हा कोणीच घाबरलं नव्हतं. फुप्फुसाचा टीबी खोकल्यातून हवेत जातो आणि बंद खोलीत तासन्‌तास बरोबर राहणाऱ्यांच्या श्वासात जातो. ताटातून, पेल्यातून, कपड्यांतून जात नाही. औषध लागू पडत असेल तर नियमित गोळ्या सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांतच पसरवण्याची शक्ती खूप उतरते. तेवढे दिवस तिने खिडकीजवळ वेगळं झोपावं, खोकताना पदर तोंडावर धरावा, घर उघडं ठेवावं. वेगळ्या ताटाने काहीच साधत नाही.

हे माझं म्हणणं नाही. जुन्या पिढीला क्षय म्हटलं की मिरजेचं सॅनेटोरियम आठवतं, म्हणजे माणूस घरातून हलवायचा. १९५६ साली मद्रासमध्ये हीच समजूत तपासून पाहिली गेली. १९३ रुग्ण घेतले, सगळे गरीब, दाटीवाटीच्या घरांतले. काहींना वर्षभर सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना घरीच औषधं दिली. घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले. पुढे पाच वर्षं घरच्यांवर लक्ष ठेवलं, तरी रुग्ण घरी असलेल्या कुटुंबांत टीबी जास्त आढळला नाही. ज्यांना लागण व्हायची होती त्यांना ती निदानाच्या आधीच झालेली होती. बैठकीत म्हाताऱ्या बायका असतील तर हे नक्की सांगा. "सरकार म्हणतं" यापेक्षा "करून पाहिलंय" हे त्यांना पटतं.

त्या सासूबाईंनाही निम्मंच पटलं. ताट परत आलं, पण नातवाला आईजवळ झोपू देईनात. मी म्हटलं, त्याची काळजी रास्त आहे, पण ती तपासून घ्या. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. चार वर्षांच्या त्या पोराला आजार नव्हता, म्हणून त्याला प्रतिबंधक औषध सुरू केलं. घरात टीबी निघाला की पाच वर्षांखालच्या मुलांकडे आधी बघायचं.

तपासणीचं सांगताना बेडका म्हणजे काय ते करून दाखवा. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी डब्यांत नुसती लाळ असायची, आणि लाळेत जंतू सापडले नाहीत म्हणून माणूस निर्धास्त व्हायचा. साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीच्या तळातून खोकून घट्ट बेडका डबीत काढायचा. घरात नको, अंगणात, माणसांपासून लांब. एक नमुना तिथल्या तिथे, दुसरा पहाटे उठल्याबरोबर. सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसलं नाही आणि खोकला चालूच राहिला, तर एक्स-रे आणि जनुकीय तपासणी मागा. ही जनुकीय तपासणी करणारं गोव्याच्या कंपनीचं ट्रूनॅट यंत्र आता बऱ्याच ठिकाणी आहे. नेहमीच्या औषधाला जंतू दाद देतील का, हेही त्यावर कळतं.

बाकी थोडक्यात. लाल गोळ्यांनी लघवी केशरी होते, हे आधीच सांगा, नाहीतर रक्त समजून लोक गोळ्या बंद करतात. सहा महिन्यांचं औषध मोफत आहे आणि नोव्हेंबर २०२४ पासून आहारासाठी महिन्याला हजार रुपये खात्यावर येतात. "संशयित" हा शब्द मात्र तोंडातही आणू नका. तो पोलीस ठाण्याचा शब्द आहे, आजारी माणसाचा नाही.

आणि बोलून झालं की निघू नका. मी मुद्दाम सतरंजी घडी करायला थांबायचो, पिशवीत दोन-चार डब्या ठेवून. मी पुरुष, त्यामुळे वेळ लागायचा, तुम्हाला तो अडसर नाही. सगळ्या गेल्या की एखादी सतरंजीचं दुसरं टोक धरायला येते आणि खालच्या आवाजात म्हणते, "आमच्या शेजारणीला आहे हो तसा खोकला." शेजारीण कोण, हे विचारायचं नाही. दोन डब्या द्यायच्या, सकाळी कुठे पोचवायच्या तेवढं सांगायचं.