सात दिवसांच्या फुकट वापरात संपलेली सूट

प्रश्न: सर, माझ्या आयफोनवर योगासनांचं एक ॲप आहे. गेल्या वर्षी सात दिवस फुकट वापरलं, मग महिना ४९९ रुपयांनी तीन महिने घेतलं आणि बंद केलं. आता ॲपमध्ये ‘नवीन सदस्यांना पहिलं वर्ष १,४९९’ असं दिसतं, पण पैसे भरायला गेले की २,९९९ मागतात. नवीन ॲपल अकाउंट काढून सूट घेऊ का?

उत्तर: नवीन अकाउंट काढू नका. वर्षाचे २,९९९ सुद्धा इतक्यात भरू नका.

तुमची सूट गेल्या वर्षीच वापरली गेली, त्या सात दिवसांत. ॲप बनवणारे आपले मासिक आणि वार्षिक प्लॅन सहसा एकाच गटात ठेवतात, आणि ॲपलच्या नियमाने नव्या ग्राहकाची सवलत एका गटात एकदाच मिळते. ती फुकट आठवड्याच्या रूपात घेतली काय किंवा कमी दराच्या रूपात घेतली काय, हिशेबात एकच. म्हणून मासिकवर घेतलेला फुकट आठवडा आज वार्षिकची सूट अडवतो. कंपनीने मागाहून सवलत बदलली तरी तुमची नोंद तशीच राहते. ही नोंद ॲपल अकाउंटवर असते. त्यामुळे ॲप काढून पुन्हा टाकलं किंवा ॲपमध्ये दुसऱ्या ईमेलने लॉगिन केलं, तरी फरक पडत नाही. ॲपच्या पानावर काहीही लिहिलेलं असो, पैसे कापण्याआधी ॲपलची जी खिडकी येते, तिच्यातली रक्कम खरी.

आता तुमचा स्वतःचा वापर बघा. गेल्या वर्षी तुम्ही तीन महिने टिकलात. यंदाही तेवढंच झालं, तर मासिकने १,४९७ रुपये जातील. म्हणजे ज्या सवलतीच्या दरासाठी जीव तुटतोय, त्याच्यापेक्षा दोन रुपये कमीच. सहा महिने केलंत तरी २,९९४. वार्षिक प्लॅन परवडायला सातवा महिना उजाडावा लागतो.

दुसऱ्या अकाउंटचं मला खरंच भय वाटतं. वर्षभराने पूर्ण दराने नूतनीकरण होईल, त्याची सूचना तुम्ही कधी न उघडणाऱ्या ईमेलवर जाईल, आणि २,९९९ रुपये गेल्यावरच कळेल. असे पैसे गेलेली माणसं माझ्याकडे येतात.

तेव्हा एक महिना घ्या आणि त्याच दिवशी Settings मध्ये नावावर टॅप करून Subscriptions मधून नूतनीकरण रद्द करा. भरलेला महिना पूर्ण वापरता येतो. पुढचा महिना हवा असेल तर पुन्हा चालू करा. बंद केलेली सदस्यत्वंही तिथेच खाली दिसतात, तीही बघत जा. परत येणाऱ्या ग्राहकांसाठी कंपन्या वेगळी सवलत ठेवू शकतात. ती कोणाला द्यायची हे कंपनी ठरवते, पण जुन्या फुकट आठवड्यामुळे ती अडत नाही. तुम्हाला तशी ऑफर १,४९९ च्या आसपास आली आणि तोवर सलग चार महिने आसनं झालेली असली, तर वर्षाचं खुशाल घ्या.