वडील मूळचे कलबुर्गीचे, पुण्यात गवंडीकाम करतात. महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार मंडळात त्यांची नोंदणी होईल का, आणि मिळतं काय?

हो, होईल. अट रहिवासाची नाही, कामाची आहे: वय १८ ते ६० आणि गेल्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकाम. हे दिवस सलग नसले तरी चालतात. एका ठेकेदाराकडे ४०, दुसऱ्याकडे ३० आणि तिसऱ्याकडे २५ भरले, तर झाले ९५. घोडं अडतं ते ठेकेदाराने द्यायच्या या दिवसांच्या दाखल्यावर, कारण छोटे ठेकेदार सही द्यायला टाळतात. म्हणून काम संपतानाच दाखला मागून घ्या. मी वस्तीतल्या मजुरांचे अर्ज भरून देतो, त्यात हेच सतत दिसतं. अर्ज mahabocw.in वर होतो, शुल्क १ रुपया.

कामावर मृत्यू झाल्यास वारसाला ५ लाख, नैसर्गिक मृत्यूला २ लाख. पहिल्या दोन मुलांना पहिली ते सातवीपर्यंत वर्षाला २,५००, आठवी ते दहावी ५,००० रुपये. पेन्शन साठीनंतर, तेही नोंदणीला किमान १० वर्षं झाली असतील तर: १० वर्षांना वर्षाला ६,०००, १५ ला ९,०००, २० ला १२,०००. रक्कम महिन्याची नाही, वर्षाची. त्यामुळे वडील पन्नाशीच्या आत असतील तर आजच अर्ज करा.

एक मात्र सांभाळा. नोंदणीचं दरवर्षी नूतनीकरण लागतं, आणि त्यासाठी पुन्हा ९० दिवसांचा दाखला. गावी गेल्यावर ते राहून गेलं आणि त्याच काळात अपघात झाला, तर दावा अडकतो.