उड्डाणाचं प्रशिक्षण : क्लबचं उत्तर आलं, आता ठेव मोडू का?

प्रश्न : मी नाशिकला बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रायव्हेट पायलट लायसन्ससाठी एका फ्लाइंग क्लबला पत्र लिहिलं होतं. त्यांनी कळवलं : किमान 40 तास उड्डाण, तासाला 15,000 रुपये, म्हणजे 6 लाख, सगळे आगाऊ भरले तर 5 टक्के सूट. आजीने माझ्या नावावर साडेसात लाखांची मुदत ठेव ठेवली आहे, तिला 7 टक्के व्याज मिळतं. ती मोडून या महिन्यातच पैसे भरावेत का?

उत्तर : या महिन्यात भरू नकोस. प्रशिक्षण घे, पण पुढच्या वर्षी ऑक्टोबरपासून, आणि पैसे टप्प्याटप्प्याने दे.

क्लबने सांगितलेले 40 तास ही डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामक संस्थेने ठरवलेली किमान मर्यादा आहे. तेवढ्यात परीक्षेला तयार होणारे विद्यार्थी थोडे. मी तुझ्यासाठी 55 तास धरते. त्याचे सव्वाआठ लाख होतात. आठ महिन्यांचं राहणं-जेवण महिन्याला 10,000 धरलं तर 80,000. वैद्यकीय तपासणी, पुस्तकं, लेखी आणि रेडिओची परीक्षा यांना आणखी 40-50 हजार ठेव. बेरीज साडेनऊ लाखांच्या घरात जाते. आज सुरुवात केलीस तर परवाना हाती येण्याआधीच पैसे संपतील, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. मधे तीन-चार महिने खंड पडला की हात बसलेला राहत नाही. आधी पैसे मोजून शिकलेलं लँडिंग पुन्हा इन्स्ट्रक्टरबरोबर, पुन्हा पैसे मोजून घोटावं लागतं.

हाच खंड पावसाळ्यातही पडतो. सुरुवातीचं सगळं शिक्षण बाहेर बघून उडण्याचं असतं, त्यामुळे ढग खाली आले की त्या दिवशीचं उड्डाण रद्द. कॉलेज सांभाळून फक्त शनिवार-रविवारी जायचं म्हटलं तरी तेच होतं. म्हणून एप्रिलमध्ये पदवीची परीक्षा दे, पावसाळ्यात हवामान, नेव्हिगेशन आणि नियमांचा अभ्यास उरक, आणि ऑक्टोबर ते मे पूर्ण वेळ तिथे राहून आठवड्याला तीन-चार उड्डाणं कर. तोवर ठेवही आठ लाखांच्या पुढे गेलेली असेल. उरलेले सव्वा-दीड लाख आईबाबांशी बोलून किंवा शिकवण्या घेऊन जमव. त्यासाठी पर्सनल लोन मात्र काढू नकोस. या परवान्यावर मोबदला घेऊन विमान उडवता येत नाही, मग हप्ता फेडणारी कमाई येणार कुठून?

पाच टक्के सूट म्हणजे 30,000 रुपये. पैसे हप्त्यांनी दिलेस तर आठ महिन्यांत सरासरी तीन लाख तुझ्याकडेच राहतात आणि त्यावर सुमारे 14,000 व्याज मिळतं. म्हणजे सवलतीचा खरा फायदा 16,000. तेवढ्यासाठी सहा लाख अडकवायचे? छोट्या क्लबकडे दोन-तीन विमानं असतात. एक देखभालीला गेलं आणि एखादा इन्स्ट्रक्टर नोकरी सोडून गेला की रांग लांबते, आणि आगाऊ पैसे भरलेल्याला दुसरीकडे जाता येत नाही. दहा-दहा तासांचे पैसे भर. काही बँकांत ठेव अर्धवट मोडता येत नाही. त्यामुळे मुदत संपली की एकच मोठी ठेव करू नकोस, दीड-दीड लाखाच्या वेगवेगळ्या कर.

पैशांआधी एक काम कर. डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरकडून क्लास 2 वैद्यकीय तपासणी करून घे. काही हजारांत होते. रंग ओळखण्यात दोष किंवा दुसरी काही अडचण निघाली, तर ती सहा लाख भरल्यावर कळण्यापेक्षा आता कळलेली बरी.

पुढे एअरलाइनमध्ये जायचा विचार आहे का, हे तू लिहिलेलं नाहीस. असेल तर हिशोबच बदलतो. व्यावसायिक परवान्याला 200 तास लागतात आणि आज त्याचा खर्च 50 लाखांच्या आसपास जातो. तुझे हे तास त्यात धरले जातात, पण आजीची रक्कम त्या खर्चाचा सहावा हिस्साही भरत नाही. अशा वेळी व्यावसायिक परवान्याला लागणारी क्लास 1 वैद्यकीय तपासणी आणि कर्जासाठी तारण, या दोन गोष्टी आधी तपासाव्यात आणि ठेवीला तोवर हात लावू नये.

क्लबला आता दुसरं पत्र लिही. तासाचे पैसे इंजिन सुरू झाल्यापासून मोजता की चाकं जमिनीवरून उचलल्यापासून? धावपट्टीकडे जाण्यात दर वेळी दहा मिनिटं गेली तर 55 तासांच्या हिशोबात मोठा फरक पडतो. एकट्याने उडण्याचा दर वेगळा आहे का? इंधन महागलं तर दर वाढतो का? आज उडण्याच्या स्थितीत किती विमानं आहेत? मागच्या हंगामात परवाना मिळालेल्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्षात किती तास आणि किती महिने लागले? आणि न उडलेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत मिळतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर घेऊ नकोस, क्लबच्या शिक्क्यासह कागदावर माग. ते द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरा क्लब बघ.